भाले आणि बंदुका एकत्र का लढत? ठासणीच्या बंदुकीच्या काळातल्या युरोपी पायदळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपी लढायांची चित्रं पाहिली की मधोमध भाल्यांचं दाट बन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुरात हरवलेले बंदूकची दिसतात. बंदूक हाती आल्यावरही दोनशे वर्षं भाला का टिकला, हा प्रश्न त्यातूनच येतो. तो आणि त्याला लागून येणारे बाकीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

कुठल्या काळाबद्दल आणि कुठल्या शस्त्रांबद्दल बोलतो आहोत?

साधारण १५०० ते १७००, पश्चिम आणि मध्य युरोप. भाला म्हणजे पाइक: सोळा ते अठरा फूट लांब, बहुधा ॲश लाकडाचा, टोकाला छोटं पोलादी पातं आणि वजन तीन-चार किलो. (आपला ‘पाईक’ वेगळा, तो पायी चालणारा शिपाई किंवा सेवक. उच्चार जवळचा असल्यानं गोंधळ होतो, म्हणून पुढे नुसतं ‘भाला’ आणि ‘भालेकरी’ म्हणतो.) बंदूक म्हणजे तोड्याची, तोंडाकडून ठासून भरायची. जड मस्केट पाच ते सात किलोची असे आणि ती टेकवायला दुबेळक्याची काठी लागे.

एकदा गच्चीवर सोळा फुटी बांबू एका टोकाशी धरून आडवा उचलून पाहिला होता. हाताजवळ बोटभर हालचाल झाली की पलीकडचं टोक हातभर डुलतं, आणि मिनिटभरात मनगट भरून येतं. असे शेकडो भाले एका उंचीवर, एका दिशेला धरायचे तर त्यामागे किती कवायत हवी, हे तेव्हा हाताला कळलं.

एक बंदूक भरायला एवढा वेळ का लागायचा?

कारण प्रत्येक बार म्हणजे बारीकसारीक कामांची लांबलचक साखळी होती, आणि ती सगळी कामं हातात जळतं सुतळ घेऊन करायची होती. तोडा, म्हणजे जामगी, हा सोऱ्यात भिजवून वाळवलेला तागाचा दोर. एक टोक विझलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून तो बऱ्याचदा दोन्हीकडून पेटता ठेवत. बंदूकचीच्या डाव्या हाताच्या बोटांत हा धुमसता दोर असे आणि त्याच हातानं बंदूक पेलायची असे.

बार उडाला की पहिलं काम तोडा बंदुकीच्या चिमट्यातून सोडवून पुन्हा बोटांत घेण्याचं. दारू भरण्याआधी ठिणगी दूर करायलाच हवी. मग नळीच्या बाजूच्या छिद्राजवळची वाटी फुंकून साफ करायची, तिच्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू, घालायची, झाकण लावायचं आणि बाहेर सांडलेले कण झटकून टाकायचे. नंतर बंदूक डाव्या बाजूला वळवून दस्ता जमिनीकडे न्यायचा. छातीवरच्या पट्ट्याला लाकडी नळकांडी लटकत, बहुधा बाराच्या आसपास, आणि एकेकात एकेका बाराची दारू आधीच मापून ठेवलेली असे. त्यातलं एक उघडून नळीत ओतायचं. गोळी पिशवीतून काढायची, नाहीतर तोंडात धरलेली सरळ नळीत सोडायची. मग गज उपसायचा, तो आखूड धरून नळीच्या तोंडात घालायचा, ठासायचं, बाहेर काढायचा आणि बंदुकीखालच्या खाचेत परत सरकवायचा.

एवढं झालं तरी बार तयार झालेला नाही. बंदूक उचलून दुबेळक्यावर ठेवायची, तोडा चिमट्यात बसवायचा आणि चाप ओढल्यावर तो नेमका वाटीत उतरतो का हे पाहायचं. लांब राहिला तर वाकतो, आखूड राहिला तर पोचत नाही. शेवटी निखाऱ्यावरची राख फुंकायची, वाटीचं झाकण सरकवायचं आणि चाप ओढायचा.

कवायतीच्या मैदानावर चांगला शिपाई मिनिटाला एक, फार तर दोन बार काढे. धूर, धक्काबुक्की आणि भीती यांच्यात मिनिटाला एक मिळाला तरी पुष्कळ. एखादी पायरी चुकली की बार फुकट जाई. गज परत ठेवायला विसरला तर तो गोळीबरोबर उडून जाई, आणि मग त्या शिपायाची बंदूक म्हणजे नुसता सोटा.

पण शेकडो बंदूकची एकत्र असतील तर घोडदळ तिथेच थांबणार नाही का?

हिशेब करून पाहू. बिनआट्यांच्या नळीची ही बंदूक, नेम धरून एका माणसाला टिपणं अवघड. पण घोडेस्वारांच्या घोळक्यावर शंभर मीटरवरून मारा परिणाम करायला लागतो आणि पन्नासवर तो खरा भेदक होतो. घोडदळ सुरुवातीला दुडक्या चालीनं येतं आणि शेवटी वेग वाढवतं. सरासरी सेकंदाला पाच मीटर धरले तर शंभर मीटर यायला वीस सेकंद लागतात. बंदूक भरायला साठ.

म्हणजे शंभर मीटरवर सगळ्यांनी एकदम बार काढला, तर घोडे अंगावर येतील तेव्हा बंदूकची रंजक घालून, बंदूक वळवून दारूचं नळकांडं उघडत असतील. रांगारांगांनी काढला तर त्या वीस सेकंदांत तीन-चार रांगांचा मारा होतो, बाकीच्या रांगा तशाच उभ्या. तेवढ्यानं काही घोडे पडतात, पुढच्यांचा जोर मोडतो, कधी हल्ला वळतोही. पण वळला नाही, तर हातात जळता दोर आणि रिकामी बंदूक घेतलेल्या माणसापाशी फक्त एक हलकी तलवार उरते. उरलेली चाळीस सेकंदं कोणीतरी उसनी द्यायला हवी होती, आणि ती भालेकरी देत.

घोडा खरंच भाल्यांवर चालून जात नाही का?

भाल्यांची रांग एकसंध आणि स्थिर असेल, तर सहसा नाही. समोर टोकांचं कुंपण दिसलं की तो बिचकतो, बाजूला वळतो, थबकतो. घोडदळ आलं की पुढचा भालेकरी डावा गुडघा वाकवून खाली बसल्यासारखा होई. भाल्याचं मागचं टोक उजव्या पावलाच्या आतल्या बाजूला रोवून घेई, डाव्या हातानं भाला गुडघ्याजवळ धरून टोक घोड्याच्या छातीच्या उंचीवर आणी आणि मोकळ्या उजव्या हातानं तलवार तयार ठेवी. धक्का हातावर न येता पायातून जमिनीत जाई. मागच्या रांगा आपले भाले त्याच्या खांद्यावरून पुढे काढत, त्यामुळे एका घोड्यापुढे तीन-चार टोकं येत.

यासाठी माणसं खेटून उभी हवीत. सतराव्या शतकातल्या कवायतीत माणसामाणसांतली अंतरं ठरलेली होती: मोकळ्या रचनेत सहा फूट, नेहमीची तीन फूट, आणि घोडदळ अंगावर घेताना दीड फूट. दीड फूट म्हणजे खांद्याला खांदा.

बंदूकचीला मात्र दीड फूट परवडतच नाही. शेजाऱ्याच्या छातीवर दारूची बारा नळकांडी लटकताहेत आणि आपल्या बोटांत पेटता दोर आहे. गज उपसताना कोपर बाहेर जातो, बंदूक वळवताना दस्ता फिरतो. त्याला किमान तीन फूट हवेत. एकाला दाटी हवी, दुसऱ्याला मोकळीक. या दोघांना एका पथकात बांधायचं हीच त्या काळच्या सार्जंटांची रोजची डोकेदुखी होती, आणि पुढची बहुतेक उत्तरं या एका अडचणीपाशीच येतात.

घोडदळ आलं की बंदूकची नेमके कुठे जात?

आधी ते कुठे उभे असत ते पाहू. भालेकऱ्यांचा मोठा चौकोन मध्ये आणि बंदूकची त्याच्या कडांना. स्पेनच्या तेर्सियो या पथकांत कोपऱ्यांवरच्या बंदूकचींच्या तुकड्यांना ‘मांगा’ म्हणत, म्हणजे बाही. अंगरख्याला बाह्या असाव्यात तसे ते चौकोनाला जोडलेले असत, आणि बाहीसारखेच आत ओढून घेता येत.

आत येण्याच्या वाटा तीन. भालेकऱ्यांच्या पथकांमधल्या मोकळ्या गल्ल्यांतून मागे जाऊन त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. किंवा चौकोनाच्या कडेला चिकटून, पुढे काढलेल्या भाल्यांच्या खाली दडायचं. पुढच्या रांगेचा भाला तीन-साडेतीन मीटर पुढे येतो, त्याखाली एक-दोन रांगा गुडघ्यावर बसू शकतात आणि तिथूनच बारही काढू शकतात. किंवा, तयारीला वेळ असेल तर, भालेकऱ्यांनी पोकळ चौकोन करायचा आणि बंदूकचींना पोटात घ्यायचं.

कागदावर हे सोपं दिसतं. आता इंग्लंडच्या १६४०च्या दशकातल्या यादवीतली एक पलटण घेऊ: कागदोपत्री १२०० माणसं, त्यात एका भाल्याला दोन बंदुका या प्रमाणानं ४०० भालेकरी आणि ८०० बंदूकची. सगळे सहा रांगांत खोल उभे. तीन फुटी अंतरानं मधल्या भालेकऱ्यांची आघाडी साठ मीटर होते आणि दोन्ही बाजूंच्या बंदूकचींची प्रत्येकी साठ मीटर. म्हणजे अगदी टोकाचा बंदूकची भाल्यांच्या कडेपासून साठ मीटर लांब उभा आहे. सहा किलोची बंदूक, काठी आणि पेटता तोडा सांभाळत, शेजाऱ्यांच्या गर्दीतून तेवढं अंतर कापायला त्याला वीस-पंचवीस सेकंदं लागतील. घोडदळाला शंभर मीटर यायला वीसच लागतात.

म्हणून सरदारापुढे दोनच वाटा. बंदूकचींना लवकर, दोनशे मीटरवरच आत बोलवायचं, म्हणजे सगळ्यात कामाच्या अंतरावरचा मारा सोडून द्यायचा. नाहीतर शेवटपर्यंत मारा चालू ठेवायचा आणि टोकाची माणसं कापली जाण्याची जोखीम घ्यायची. जमीन कुंपणांची, खंदकांची, ओढ्याची असेल तर दुसरी वाट निभावे. सपाट माळावर अनुभवी माणसं पहिलीच पत्करत.

आत आल्यावर तरी सगळे मावत का? ४०० भालेकऱ्यांचा पोकळ चौकोन केला, प्रत्येक बाजूला शंभर, चार रांगा खोल, तर तीन फुटी अंतरानं एक बाजू तेवीस मीटरची होते. पोटातल्या मोकळ्या जागेत ८०० माणसं उभी राहतील, पण दर माणशी पाऊण चौरस मीटरही मिळत नाही. तिथे गज फिरवता येत नाही. शिवाय भालेकरी तीन फुटांवर विरळ उभे राहिलेत. त्यांना दीड फुटांवर आणलं तर चौकोन आणखी आक्रसतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक माणसं भालेकरीच असत, तेव्हा ही अडचण नव्हती. बंदुका वाढत गेल्या तसं छत्र तेवढंच राहिलं आणि त्याखाली येणारे दुप्पट झाले.

भालेकऱ्यांना बंदूकचींची काय गरज होती?

भाला पाच मीटरवर संपतो. त्यापलीकडून कोणी मारू लागलं तर भालेकऱ्यापाशी उत्तर नाही. २७ एप्रिल १५२२ रोजी मिलानजवळ बिकोका इथे हे सगळ्या युरोपला दिसलं. फ्रान्सच्या पगारावरचे स्विस भालेकरी तेव्हा अजिंक्य मानले जात. ते तोफांच्या माऱ्यातून सरळ पुढे गेले आणि खोलगट रस्त्यापाशी अडले. रस्त्याच्या पलीकडे मातीच्या भरावामागे स्पॅनिश बंदूकची चार रांगांत उभे होते आणि एकेक रांग पाळीनं मारा करत होती. बहुतेक स्विस त्यांच्यापर्यंत पोचूच शकले नाहीत, आणि भरावावर चढलेल्या थोड्यांना मागच्या जर्मन भालेकऱ्यांनी परतवलं. सुमारे तीन हजार पडले. त्या दिवशी भालेकऱ्यांची बहुतेक कामगिरी भरावानं केली होती. रस्ता आणि भराव नसते तर ते बंदूकची टिकले नसते. पुढचा सगळा काळ म्हणजे हा भराव माणसांचा बांधून मैदानात सोबत न्यायची धडपड.

घोडदळानंही भाल्यांवर तोड काढली होती. पिस्तुलं घेतलेले स्वार रांगारांगांनी भाल्यांच्या टोकांपासून थोड्या अंतरावर येत, बार काढत आणि वळून मागे जात. नुसते भालेकरी असतील तर उभ्यानं मार खायचा. पण बाहीत बंदूकची असले की पिस्तुलाच्या टप्प्यात यायच्या आधीच स्वार मस्केटच्या टप्प्यात येत. स्वाराला लांब ठेवायचं बंदुकीनं, आणि आलाच जवळ तर अडवायचं भाल्यानं.

रांगेनं बार काढून मागे जाण्याची पद्धत कोणी काढली आणि ती कशी चाले?

पाळीनं मारा करण्याची कल्पना जुनी आहे, बिकोकातही ती दिसते. पण तिची नीट कवायत बसवण्याचं श्रेय नासाऊ घराण्यातल्या डच सेनानींना जातं. विल्यम लुईसनं ८ डिसेंबर १५९४ रोजी आपला चुलतभाऊ मॉरिस याला लिहिलेल्या पत्रात, प्राचीन रोमनांच्या कवायतीबद्दल वाचून सुचलेली ही युक्ती आकृती काढून समजावली आहे.

माणसं एकामागे एक, दहा खोल, आणि दोन ओळींमध्ये चालायला गल्ली. पहिल्यानं बार काढायचा, वळायचं, गल्लीतून शेवटी जायचं आणि तिथे उभं राहून भरायला लागायचं. तोवर दुसरा पुढे. प्रत्येकाला सहा सेकंद धरले तर दहावा बार काढेपर्यंत मिनिट होतं आणि पहिला भरून पुन्हा पुढे आलेला असतो. दहा रांगा का, याचं उत्तर त्या मिनिटात आहे. शिपाई जलद झाले तसं सतराव्या शतकात सहा रांगांवर भागू लागलं.

बिघडे ते गल्लीत. धुरात ओळी एकमेकींकडे सरकल्या की गल्ली बुजते, मागे जाणारा पुढे येणाऱ्यावर आदळतो, कुणाचा तोडा कुणाच्या पट्ट्याला लागतो. दुसरा धोका मनाचा. मागे जाणारी पाठ आणि पळणारी पाठ लांबून सारखीच दिसते. नवखा शिपाई पुढच्याला वळलेलं पाहून स्वतःही वळे आणि शेवटी जाऊन थांबायचं विसरे. म्हणून अनुभवी सार्जंट तुकडीच्या मागच्या बाजूला उभे असत.

सगळ्यांनी एकदमच बार काढला तर?

स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या सैन्यानं हे जाणूनबुजून केलं. १६३१ मध्ये ब्राइटनफेल्डला त्याच्याकडच्या स्कॉटिश पलटणींनी तीन रांगांचा मारा एकदम केला: पहिली गुडघ्यावर, दुसरी वाकून, तिसरी उभी. इतकं शिसं एका क्षणी जवळून अंगावर आलं की समोरची रांग हादरते. पण त्यानंतर सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या. म्हणून हा मारा शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवायचा आणि धूर विरायच्या आत चालून जायचं, किंवा तेवढा वेळ भाले पुढे करून उभं राहायचं. एकदम मारा करणाऱ्याला भालेकऱ्यांची गरज उलट जास्तच लागते, आणि गुस्तावनं भाले टाकले नाहीत ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

भालेकरी भालेकऱ्यांवर चालून गेले तर बंदूकची काय करत?

एप्रिल १५४४ मध्ये इटलीतल्या चेरेसोले इथे फ्रेंचांकडच्या ब्लेझ द मोंल्युकनं पहिल्या रांगेतल्या भालेकऱ्यांच्या पाठीमागे बंदूकचींची एक रांग घातली आणि अगदी भिडेपर्यंत बार काढू नका असं बजावलं. आपली युक्ती कुणाला सुचली नसेल अशी त्याची खात्री होती. समोरच्या जर्मन पथकानंही नेमकं तेच केलेलं निघालं. दोन्हीकडचे बार हातभर अंतरावरून उडाले आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या रांगा जागीच कोसळल्या. मोंल्युकनं स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे.

हा प्रकार नेहमीचा झाला नाही. दाटीत उभ्या भालेकऱ्यांमध्ये तोडा पेटवलेला माणूस एकदा बार काढू शकतो, दुसऱ्यांदा भरू शकत नाही. सहसा बंदूकची बाजूला राहत आणि शत्रूच्या चौकोनाच्या कडा कुरतडत.

ही रचना प्रत्यक्ष लढाईत किती टिकली, याचं एखादं उदाहरण?

रोक्र्वा, १९ मे १६४३. फ्रान्सच्या ईशान्य सीमेवरचं गाव. एका बाजूला फ्रान्सिस्को दे मेलोचं स्पॅनिश सैन्य, दुसऱ्या बाजूला एकवीस वर्षांचा फ्रेंच सेनापती, आँगियाँचा ड्यूक. दोन्हीकडे वीस हजारांच्या वर माणसं.

सकाळी फ्रेंचांची डावी बाजू फुटली, पण उजवीकडे ड्यूकनं समोरचं स्पॅनिश घोडदळ उधळलं. त्याचा पाठलाग करत न बसता तो आपले स्वार घेऊन शत्रूच्या पायदळामागून फिरला आणि दुसऱ्या टोकाच्या घोडदळावर पाठीमागून पडला. स्पेनचं घोडदळ मैदानातून गेलं. जर्मन, वॅलून आणि इटालियन पथकं मोडली किंवा निघून गेली. उरले स्पॅनिश तेर्सियो. त्यांचा म्होरक्या, म्हातारा फोंतेन, संधिवातामुळे खुर्चीत बसूनच लढाईत आला होता. तो मारला गेला.

आता एकट्या पडलेल्या या पायदळावर फ्रेंच घोडदळ चालून गेलं. तेर्सियोंनी स्वारांना जवळ येऊ दिलं, मग मारा केला आणि भाले पुढे केले. घोडदळ मागे हटलं. पुन्हा आलं, पुन्हा हटलं. मारा राखून ठेवणं इथे कामाला आलं: लांबून बार काढले असते तर स्वार जवळ आले तेव्हा बंदुका रिकाम्या असत्या. नुसत्या घोडदळानं हा चौकोन फुटेना.

तो फुटला तो सगळ्या शस्त्रांच्या जुळणीनं. ड्यूकनं पायदळ आणि तोफा आणल्या. तेव्हा आतल्यांपुढे न सुटणारा पेच आला. तोफेपासून वाचायला विरळ व्हायला हवं, पण भोवती घोडदळ टपलेलं असताना विरळ होणं म्हणजे मरण. दाट राहिलं तर प्रत्येक गोळा ओळीच्या ओळ नेतो. त्यात चहूकडून वेढल्यामुळे नवी दारूगोळी येण्याची वाटच नाही, आणि बंदूकचीच्या छातीवरची डझनभर नळकांडी किती वेळ पुरणार! अखेर शरणागतीची बोलणी सुरू झाली. ड्यूक पुढे येत असताना काही स्पॅनिश शिपायांनी तो हल्ला समजून गोळ्या झाडल्या, आणि चिडलेल्या फ्रेंचांनी मोठी कत्तल केली, असं समकालीन वृत्तांत सांगतात.

पावसात काय होई?

तोडा विझे, वाटीतली रंजक भिजे. मग बंदूकची नावालाच उरे आणि सगळा भार भालेकऱ्यांवर येई. म्हणून तोडा टोपीखाली किंवा अंगरख्यात लपवून ठेवत.

आपल्याकडे असं काही होतं का?

सोळा फुटी भाल्यांच्या दाट चौकोनांची परंपरा आपल्याकडे रुजली नाही, पण बंदूकचीला ते मिनिट मिळवून देण्याचा प्रश्न इथेही होताच. १५२६च्या पानिपतात बाबरानं कातडी दोरांनी एकमेकींना बांधलेल्या गाड्यांची ओळ लावली आणि तोडेवाले त्यामागे उभे केले. गाड्यांनी तेच केलं जे बिकोकात भरावानं केलं. मराठ्यांच्या मुलखात तेच काम तटबंदी, घाट आणि झाडी करत.

१७६१च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ होतं. तोवर भाला युरोपातूनही गेला होता. मोकळ्या मैदानात गारद्यांची बाजू घोडदळानं सांभाळायची होती. विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार रोहिल्यांवर धावून गारद्यांच्या पुढ्यात आले आणि त्यांचा मारा थांबवावा लागला, असं इतिहासकार सांगतात. मारा करणारा आणि त्याला जपणारा यांचं वेळापत्रक जुळलं नाही, तर दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते, हे आपल्याला दुसऱ्या देशात जाऊन शोधायला नको.

मग भाला गेला कसा?

बंदुकीच्या नळीलाच पातं लावून. आधीची संगीन बुचासारखी नळीच्या तोंडात खुपसायची असे. ती बसवली की बंदूक आखूड भाला होई, पण बार काढता येत नसे. काढायचा तर संगीन उपसायची. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमधल्या किलिक्रँकीला जनरल मकायच्या शिपायांकडे अशा संगिनी होत्या. डोंगरउतारावरून हायलंडर धावत आले. शिपायांनी बार काढले, पण नळीत संगीन बसवायला लागणारे मोजके क्षणही त्यांना मिळाले नाहीत, आणि हायलंडर तलवारी घेऊन त्यांच्यात शिरले. हरलेल्या मकायनं नंतर संगीन नळीच्या बाहेरून, कड्यावर बसवायची व्यवस्था पुढे आणली. फ्रान्समध्ये लष्करी अभियंता वोबानही खोबणीच्या संगिनीमागे लागला होता. ती नळीभोवती बसे, त्यामुळे ती लावलेली असतानाही बार भरता आणि काढता येई. चकमकीच्या बंदुकीनं पेटता तोडाही हातातून गेला, तेव्हा माणसं खेटून उभी करता येऊ लागली. फ्रान्सनं १७०३ मध्ये भाले बंद केले. स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सच्या पलटणी मात्र पुढेही बरीच वर्षं भाले घेऊन चालत राहिल्या.